बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परत: पहिल्या आठ आठवड्यांची आखणी कशी करावी?

जाईजुई
नमस्कार. माझी रजा या महिनाअखेरीस संपते आहे. हजर व्हायची तारीख १, त्या दिवशी सोमवार. तेव्हा बाळ साडेसहा महिन्यांचं असेल.

काम अकाउंट्समधलं. पुरवठादारांची बिलं तपासणं, पैसे सोडणं, बँकेचा ताळमेळ आणि दर महिन्याचं क्लोजिंग. टीम चौघांची आणि जबाबदारी माझी. रजेच्या काळात हे सगळं टीममधल्या सर्वांत अनुभवी सहकारी मुलीने सांभाळलं आणि चांगलं सांभाळलं. आठवड्याचे ४० तास, ९ ते ५:३०, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. बाळ अंगावर पितं, वरचं खाणं नुकतंच सुरू झालंय. हक्काच्या १५ रजा शिल्लक आहेत.

तीन प्रश्न आहेत. सुरुवातीला किती काम घ्यावं आणि ते साहेबांना कसं सांगावं? वेळेची सवलत नेमकी कोणती मागावी? आणि तिसरा म्हणजे, मोठ्या रकमेचं पेमेंट मंजूर करताना आता हात थरथरेल अशी भीती वाटते, त्याचं काय करावं?

राघव७
अभिनंदन! पाळणाघर निवडताना एका वेळी किती मुलांमागे एक बाई आहे ते नक्की विचारा. बाळ झोपतं त्या खोलीत दारापाशी नाही तर आतपर्यंत जाऊन बघा. आणि अचानक, न सांगता एक चक्कर मारा.

जाईजुई
धन्यवाद, पण पाळणाघर ठरलंय. प्रश्न कामाच्या बाजूचा आहे.

त्रिज्या
जाईजुई, आधी तारखेकडे बघ. १ तारीख, सोमवार. तुमचं क्लोजिंग कामाच्या पहिल्या पाच दिवसांत होतं ना? म्हणजे महिन्यातल्या सगळ्यांत धावपळीच्या आठवड्यात, सहा महिन्यांच्या खंडानंतर, पाळणाघराच्याही पहिल्याच आठवड्यात तू हजर होणार. त्या पाच दिवसांत कुणालाही तुझ्याशी बसून बोलायला वेळ नसतो. मग तू एक तर कोपऱ्यात रिकामी बसतेस, नाहीतर अर्धवट माहितीवर सह्या करायला लागतेस. आत्मविश्वास बहुतेकींचा इथेच ढासळतो, आणि दोष मात्र स्वतःकडे जातो.

शक्य असेल तर १० तारखेला, बुधवारी हजर हो. त्यासाठी १ ते ५ आणि ८, ९ अशा ७ रजा लागतील, ८ उरतील. बुधवार अशासाठी की पहिला आठवडा तीनच दिवसांचा होतो. तिसऱ्या दिवशी थकवा जाणवायला लागतो आणि नेमका शनिवार येतो. सोमवारी सुरुवात केली तर गुरुवारी माणूस संपलेला असतो.

पाळणाघर मात्र १ तारखेपासूनच सुरू कर. पहिले दोन दिवस तासभर, मग दोन-तीन तास, ८ आणि ९ला पूर्ण दिवस. त्या दोन दिवशी घरातून कामाच्या वेळेलाच बाहेर पड. बाळाचं आवरणं, पिशवी, दूध, रस्ता, पाळणाघरातला निरोप, या सगळ्याला खरोखर किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून कळतं. साडेसहा महिन्यांच्या आसपास बाळांना आई गेल्याचं कळायला लागतं, त्यामुळे निरोपालाच दहा मिनिटं जातात. ती मोजलेली नसतात.

आभा_क
मला हे तितकंसं पटत नाही. सातच्या सात रजा सुरुवातीला उडवल्या तर पुढे काय? पाळणाघरात जायला लागलं की बाळ पहिले काही महिने सारखं आजारी पडतं. सर्दी, ताप, पोट. ताप असताना पाळणाघर घेत नाही, आणि बहुतेक ठिकाणी औषधाशिवाय २४ तास ताप नसला तरच परत घेतात. म्हणजे एका तापाला दोन-तीन दिवस गेले. ८ रजा तीन तापांत संपतील.

त्यापेक्षा ३ तारखेला, बुधवारी जावं. क्लोजिंगमध्ये जबाबदारी घेऊ नये, नुसतं बघावं. सहा महिन्यांत काय बदललं ते तीन दिवसांत जितकं कळेल तितकं नंतर महिनाभर कागद वाचून कळणार नाही.

त्रिज्या
आभा, आजाराचा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण त्या रजा एकटीच्या का? बाळाच्या बाबांच्या किती शिल्लक आहेत तेही मोज. कोणत्या आजारपणात पहिला दिवस कोण घेणार हे हजर होण्याआधी ठरवून, पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन कुणाचा लावायचा तेही तसंच लिहा. फॉर्मवर सवयीने आईचा नंबर पहिला लिहिला जातो आणि मग दुपारी दोनला फोन तिलाच येतो.

नुसतं बघायला जाण्याबद्दल: कागदावर चांगलं आहे. पण जी माणसं तिला टीमची प्रमुख म्हणून ओळखतात ती क्लोजिंगच्या दिवशी तिच्याकडे प्रश्न घेऊन येणारच. "मी आज फक्त बघतेय" हे तिने दहा वेळा म्हणायचं की तिच्या साहेबांनी आधीच सगळ्यांना लिहायचं? साहेब लिहिणार असतील तर तुझा पर्याय चालेल. नसतील तर मी १०च म्हणेन.

आभा_क
साहेबांच्या मेलशिवाय नाही, हे मान्य. रजा वाचवणं महत्त्वाचं या मतावर मी ठाम आहे.

हिशेबनीस
मी पंधरा वर्षं टीम सांभाळतोय, व्यवस्थापकाच्या बाजूने लिहितो. अशा वेळी मी परतणाऱ्या व्यक्तीला पहिले तीन महिने कुठलंही जड काम देत नाही. मोठी पेमेंट्स, वादाची बिलं, वरिष्ठांपुढचं सादरीकरण सगळं दुसऱ्याकडे. सोपं काम द्यायचं, ताण द्यायचा नाही. जाईजुई, तुम्हीही तेच मागा.

त्रिज्या
हिशेबनीस, हेतू चांगला आहे, आणि कामाचा एकूण आकार कमी करणं बरोबरच आहे. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय: काम किती आणि काम कोणतं. तीन महिने सगळं निर्णयाचं काम काढून घेतलं की चौथ्या महिन्यात ते परत येत नाही, कारण तोवर दुसऱ्या माणसाचा त्यावर हात बसलेला असतो. आणि सोपं, किरकोळ काम तासांनी कमी नसतं. उलट ते तुकड्यातुकड्यांचं असतं, दिवसभर अडथळे आणतं. जाईजुईकडे काम थोडं असावं, पण त्यात एक तरी गोष्ट अशी असावी जी तिच्या दर्जाची आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचीच आहे.

आणि परतणाऱ्या व्यक्तीला न विचारता ठरवू नका एवढीच विनंती. एखादीला पहिल्या दिवसापासून अवघड काम हवं असतं.

हिशेबनीस
हा फरक मी केला नव्हता. बरोबर आहे. पण मग "थोडं" म्हणजे किती? आमच्याकडे परतणारीही "जमेल तेवढं करते" म्हणते आणि मीही "सावकाश घ्या" म्हणतो. महिन्याभरात कुणालाच कळत नाही नेमकं काय ठरलं होतं.

त्रिज्या
"सावकाश घ्या"चा काहीच उपयोग होत नाही. दोघांच्या मनात दोन आकडे असतात. म्हणून तासांत मोजायचं. जाईजुईचंच उदाहरण घेऊ.

आठवड्याचे ४० तास. ठरलेल्या बैठका धरू ७ तास. म्हणजे रजेआधी प्रत्यक्ष कामाला ३३ तास मिळत होते. आता त्याच ३३ तासांतून काय वजा होतं ते बघ. दूध काढायला दिवसातून दोन वेळा, अर्धा-अर्धा तास, म्हणजे आठवड्याला ५. नवं समजून घ्यायला, म्हणजे बदललेले नियम, नवे पुरवठादार, मागची इतिवृत्तं, सुरुवातीला किमान ८. अचानक लवकर निघावं लागलं तर म्हणून राखीव ४. उरले १६.

३३ तासांच्या जागी १६, म्हणजे साधारण निम्मं. हा अंदाज कुणाच्या दयेवर अवलंबून नाही, ती वजाबाकी आहे आणि साहेबांपुढे तशीच मांडायची. पाचव्या आठवड्यापर्यंत समजून घेण्याचे ८ तास ३वर आले की २१ होतात, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. पुढे दूध काढण्याची एक वेळ कमी झाली की अजून अडीच तास परत मिळतात.

आता कामं. तुझ्या आधीच्या सगळ्या कामांची यादी कर आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिही: लगेच परत, अमुक तारखेला परत, किंवा परत नाही. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर यादी खोटी आहे. सहा महिन्यांत सहकारीने जे चांगलं बसवलंय त्यातलं काही तिच्याकडेच राहायला हवं. ते तिच्यासाठीही बरोबर आहे. नाहीतर तिचं सगळं एका सकाळी काढून घेतल्यासारखं होतं आणि टीममधलं वातावरण बिघडतं.

मी अंदाजाने लिहिते, तू बदल. लगेच परत: बँकेच्या एका खात्याचा ताळमेळ, पूर्ण तुझा, आणि वादात अडकलेली बिलं. तारखेला परत: पेमेंटची अंतिम मंजुरी तिसऱ्या आठवड्यापासून. क्लोजिंग पुढच्या महिन्यात सहकारीच चालवेल आणि तू तपासशील. त्याच्या पुढच्या महिन्यात तू चालवशील आणि ती शेजारी असेल. परत नाही: नव्या पुरवठादारांची नोंदणी आणि रोजची चौकशीची मेल. ती तिच्याकडेच.

जाईजुई
ही वजाबाकी फार उपयोगी आहे. माझ्या डोक्यात "सगळं पहिल्यासारखं, फक्त थकलेली मी" असं चित्र होतं. क्लोजिंग दोन महिन्यांत विभागायचं तर सुचलंच नव्हतं.

एक शंका. निम्मं काम मागितलं तर पगार निम्मा म्हणतील का?

त्रिज्या
तू तास कमी मागत नाहीयेस. ४० तास तू तिथेच आहेस, फक्त पहिल्या आठवड्यांत त्यातले काही तास समजून घेण्यात जातात, जसे नव्या माणसाचे जातात. मेलमध्ये "कमी काम" हे शब्दच वापरू नकोस. "पहिल्या आठ आठवड्यांत कामांचा ताबा परत घेण्याचं वेळापत्रक" असं लिही आणि शेवटच्या ओळीत पूर्ण ताब्याची तारीख टाक. शेवट दिसला की वरिष्ठ बिचकत नाहीत.

एक धोका आधीच सांगते. कुणी "मग चार दिवसच या" असा पर्याय दिला तर पहिला प्रश्न विचार: पाचव्या दिवसाचं काम कुठे जाणार? नाव सांगता आलं नाही तर पगार चार दिवसांचा आणि काम पाच दिवसांचं होतं. ओळखायची खूण अशी की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी "फक्त दोन मेल" बघितल्या जातात.

शलाका
मी स्तनपान सल्लागार आहे, म्हणून फक्त दुधाबद्दल. साडेआठला बाळ सोडलं आणि सहाला घेतलं तर साडेनऊ तास दूर. अंगावर पिणारं बाळ साधारण तासाला ३० ते ४० मिली पितं असं धरा, म्हणजे ३०० ते ४०० मिलीच्या आसपास. वरचं खाणं वाढेल तसं ते कमी होईल. ९० ते १२० मिलीच्या छोट्या बाटल्या द्या. मोठी बाटली अर्धी राहिली तर उरलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं, नाहीतर टाकावं लागतं.

साठा करायच्या नादात बऱ्याच जणी आधीचा महिनाभर रोज जादा दूध काढतात. त्याची गरज नसते. दोन ते तीन दिवसांचं फ्रीजरमध्ये असलं की पुरे, कारण आज ऑफिसात काढलेलं उद्या बाळ पिणार असतं. जादा काढत राहिलं की शरीर जादा बनवतं, आणि मग बैठकीत अडकून एक वेळ चुकली की गाठ होते. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस टिकतं. फ्रीजरमधून काढून वितळलं की फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही.

जाईजुई, तुमच्यासाठी पावणेअकरा आणि अडीच या वेळा ठीक वाटतात. प्रत्यक्ष पंप १५ ते २० मिनिटं, बाकी जोडणं, पुसणं, ठेवणं. दूध लागणाऱ्या भागांचे दोन संच न्या, म्हणजे ऑफिसात धुवायला थांबावं लागत नाही. घरी गेल्यावर नीट धुवा.

निशिगंध
पंप करायला लागल्यावर चार-पाच आठवड्यांनी दूध एकदम कमी होतं ना? ताणामुळे होतं असं सगळे म्हणतात.

शलाका
ताणामुळे दूध सुटायला वेळ लागतो हे खरं, पण एकदम कमी झालं तर आधी पंप बघा. पंपाला एक छोटी रबरी झडप असते. ती रोजच्या वापराने सैल होते आणि ओढ कमी पडते. खूण अशी: बाळ संध्याकाळी अंगावर व्यवस्थित पितं, समाधानी असतं, पण पंपात मात्र निम्मंच येतं. झडप बदलून बघा, बऱ्याचदा तेवढंच कारण असतं. दुसरं कारण म्हणजे नरसाळ्यासारखा जो भाग स्तनावर बसतो त्याचं माप चुकीचं असणं. दुखत असेल तर मापच चुकलंय, सोसत राहू नका.

छातीचा एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि दूध काढणं थांबवू नका.

निशिगंध
मी रुग्णालयात नर्स आहे, पाळ्या बदलतात. पावणेअकरा-अडीच असं कॅलेंडर आमच्याकडे नसतं. वॉर्ड भरलेला असतो तेव्हा कोण सोडणार? माझ्यासारखीने काय करावं?

शलाका
घड्याळाची वेळ धरू नका, अंतर धरा. दोन वेळांमध्ये ४ तासांपेक्षा जास्त जाऊ नये, आणि वॉर्डात शांत दहा मिनिटं मिळाली तर अर्धवटही काढून घ्या. पाळीच्या सुरुवातीलाच जिच्याबरोबर आहात तिच्याशी ठरवा की कोण कुणाला कधी सोडणार. रात्रपाळीत दिवसा बाळ जास्त पिऊन घेतं, तो फायदा आहे. याहून ठोस उत्तर वॉर्डाच्या माणसांच्या संख्येवर अवलंबून आहे, ते माझ्या हातात नाही.

आभा_क
निशिगंध, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०००च्या मातृत्व संरक्षण करारात, तो १८३ क्रमांकाचा, स्तनपानासाठी रोज एक किंवा अधिक विराम किंवा कामाचे तास कमी करणं आहे, आणि तो वेळ पगारी कामाचा धरायचा आहे. त्याच करारात परतल्यावर तीच किंवा त्याच पगाराची समकक्ष जागा मिळण्याचाही हक्क आहे. तुमच्या देशाने तो स्वीकारलाय का आणि तिथला कायदा काय म्हणतो ते बघा. मेट्रनशी बोलताना विनंतीपेक्षा नियमाचा आधार बरा.

निशिगंध
बघते. वॉर्डात तीन जणी असताना नियम दाखवून चौथी येत नाही, पण बघते.

जाईजुई
आता वेळेच्या सवलतीबद्दल. मी "लवचीक वेळ आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम" असं मागायचं ठरवलं होतं. चालेल?

त्रिज्या
"लवचीक वेळ" मागू नकोस. साहेबांच्या कानाला तो शब्द "कधी असेल सांगता येत नाही" असा ऐकू येतो, आणि तुलाही त्यातून काही ठोस मिळत नाही. तुझी खरी गरज एकच आहे, संध्याकाळी ठरलेल्या मिनिटाला उठणं. मग तेच माग: पहिले आठ आठवडे ८:४५ ते ५:१५, तास तेवढेच. सव्वापाचनंतर बैठक नको. पावणेअकरा ते सव्वाअकरा आणि अडीच ते तीन कॅलेंडरमध्ये बंद. क्लोजिंगच्या पाच दिवसांत सव्वापाचनंतर काही अडलं तर रात्री साडेआठ ते नऊ फोनवर मिळेन. हे शेवटचं वाक्य त्यांच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून ते तूच आधी लिही. आणि आठव्या आठवड्यात कोणत्या दिवशी बसून आढावा घ्यायचा ती तारीखही.

हजेरी ८:४५ची केलीस तर बाळ सव्वाआठला सोडावं लागेल. पाळणाघर त्या वेळी उघडतं का ते आधी विचार.

घरून काम माग, पण त्या दिवशीही बाळ पाळणाघरातच. साडेसहा महिन्यांचं बाळ शेजारी ठेवून ताळमेळ होत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत काम होतं आणि रात्री दहाला लॅपटॉप उघडावा लागतो. घरून कामाने वाचतो तो प्रवासाचा एक तास आणि एकदा पंप करण्याची धावपळ. तेवढंच, पण तेही पुष्कळ आहे.

हिशेबनीस
व्यवस्थापक म्हणून सांगतो, अशी मेल आली तर मी "हो" म्हणायला दोन मिनिटंही लावणार नाही. "लवचीक" आली तर मनुष्यबळ विभागाकडे पाठवून आठवडाभर थांबतो.

एक गोष्ट अकाउंट्सवालीने विसरू नये. लॉगिन. लांब रजेत बऱ्याच ठिकाणी प्रवेश आपोआप बंद होतो. सिस्टिमचा पासवर्ड तासाभरात सुरू होतो, पण बँकेच्या पोर्टलवरचा मंजुरीचा अधिकार काढलेला असेल तर परत द्यायला सह्या, फॉर्म आणि बँकेचे दिवस लागतात. हजर होण्याच्या दोन आठवडे आधी साहेबांना विचारा की माझा अधिकार चालू आहे का आणि मर्यादा तीच आहे का. नाहीतर पहिले आठ दिवस हात बांधून बसावं लागतं.

त्रिज्या
हे फार महत्त्वाचं. ज्या माणसाला पहिल्या दिवशी लॉगिन करता येत नाही त्याला "माझी इथे गरज उरली नाही" असं वाटायला वेळ लागत नाही.

आता थरथरणाऱ्या हाताबद्दल. रजेत कौशल्य जात नाही, संदर्भ जातो. बिल कसं तपासायचं हे तुला येतंच. कोणत्या पुरवठादाराच्या अटी बदलल्या, कुणाची रक्कम कशासाठी अडवली होती, मागच्या लेखापरीक्षणात काय निघालं, हे माहीत नसतं. त्या न माहीत असण्याला मन "मला जमत नाही" असं नाव देतं. म्हणून पहिल्या तीन दिवसांत एवढंच कर: शेवटच्या दोन क्लोजिंगच्या चेकलिस्ट तुझ्या रजेआधीच्या चेकलिस्टशेजारी ठेव आणि ओळीओळीने फरक लिही. सहकारीबरोबर दीड तास बसून प्रत्येक फरकाचं कारण विचार. यादी बहुधा वाटते त्यापेक्षा लहान निघते.

मग दुसऱ्या आठवड्यात त्या एका खात्याचा ताळमेळ स्वतः शेवटपर्यंत कर. एक पूर्ण काम, तुझ्या सहीचं. दहा अर्धवट कामांनी जे होत नाही ते त्या एकाने होतं.

हिशेबनीस
झोपेचाही विचार करा. रात्री तीनदा उठलेला माणूस आकडे उलटे वाचतो, ५४ला ४५. त्यात कमीपणा काही नाही, पण पेमेंटमध्ये परवडत नाही. मंजुरीचं काम सकाळी करा, दुपारी तीननंतर ठेवू नका. आणि पहिला महिनाभर ठरावीक रकमेवरच्या पेमेंटला दुसरी नजर मागा. आमच्याकडे एक जण नोंद करतो आणि दुसरा मंजूर करतो, हा नियम सगळ्यांसाठीच आहे. तुम्ही मागितलं तर कुणाला वेगळं वाटणार नाही.

आभा_क
यात एक भर. कामाबद्दलची धाकधूक आणि आजार यांत फरक आहे. धाकधूक ऑफिसच्या प्रसंगांना चिकटलेली असते. संध्याकाळी बाळ हातात घेतलं की ओसरते. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदासच राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, किंवा आपण नसलेलं बरं असे विचार येत असतील, तर वेळापत्रक बदलून उपयोग नाही, डॉक्टरांकडे जायचं. शेवटचा विचार आला तर त्याच दिवशी. प्रसूतीनंतरचं नैराश्य पहिल्या वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतं, आणि नोकरीवर परतण्याच्या गडबडीत ते "थकवा" म्हणून झाकलं जातं. डॉक्टरांकडे एडिनबर्ग नावाची १० प्रश्नांची यादी असते, पाच मिनिटांत होते.

शलाका
याला पूर्ण अनुमोदन. आणि बाळ दिवसा बाटली कमी पिऊन रात्री जास्त अंगावर यायला लागलं तर घाबरू नका, परतल्यावर काही बाळं तसं करतात. पण त्याने तुमची रात्र मोडते, म्हणून तो पहिला महिना झोपायची वेळ तासभर आधी आणा.

जाईजुई
आज साहेबांना मेल पाठवली. त्रिज्याताईंच्या वजाबाकीचा तक्ता जोडला, तिसरा रकाना भरला. त्यात चार कामं निघाली. सहकारीशी आधी फोनवर बोलले. नव्या पुरवठादारांची नोंदणी तिच्याकडे राहणार म्हटल्यावर ती खूश झाली. पण पेमेंटची मंजुरी मी परत घेणार म्हटल्यावर जरा गप्प झाली. तिला तीही आवडायला लागली होती.

पाळणाघर आठ वाजता उघडतं, म्हणजे ८:४५ जमेल. बँकेचा अधिकार खरंच बंद आहे. फॉर्म उद्या येईल. तारखेचं अजून ठरलं नाही. आभांच्या म्हणण्याप्रमाणे ३ तारीख आणि साहेबांची मेल, की १० तारीख, हे साहेबांच्या उत्तरावर सोडलंय.

आभा_क
बाबांच्या रजा किती निघाल्या?

जाईजुई
१२. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर त्यांचा टाकलाय.

त्रिज्या
मग १०ला माझं मत अजून पक्कं झालं. आभा ऐकणार नाही हे माहीत आहे.

सहकारीच्या गप्प होण्याकडे लक्ष दे. मंजुरीची मर्यादा दोघींत वाटता येते का ते साहेबांना विचार: ठरावीक रकमेपर्यंत ती, त्यावर तू. बँकेचा फॉर्म उद्या भरणारच आहेस, त्यात दोन सह्यांची तरतूद आत्ताच करून घेता येईल. नंतर तोच फॉर्म पुन्हा भरावा लागेल आणि बँकेचे दिवस पुन्हा मोजावे लागतील.

हिशेबनीस
फॉर्मवर मर्यादेचा रकाना रिकामा सोडू नका. रिकामा राहिला तर बऱ्याच बँका शून्य धरतात किंवा फॉर्म परत पाठवतात.